बाटलीवरचे ३७ टक्के

रसायनशाळेतल्या संहत हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाटलीवर बऱ्याच सूचना छापलेल्या असतात. त्यांतल्या तीन आकड्यांकडे आपण बघू: वस्तुमानाने ३७ टक्के, घनता १.१९ ग्रॅम प्रति मिलिलिटर आणि मोलर वस्तुमान ३६.४६ ग्रॅम प्रति मोल. अकरावीला मोल आणि संहती यांवर जी गणिते येतात, त्यांतली बहुतेक या तीन आकड्यांवर करून पाहता येतात. म्हणून या लेखात दहा वेगवेगळी उदाहरणे घेण्याऐवजी ही एकच बाटली घेतली आहे. तिच्यातल्या आम्लाची मोलॅरिटी काढायची, मोलॅलिटी काढायची, त्याचे विरल द्रावण करायचे, आणि काढलेले उत्तर खरे आहे का हे शेवटी ब्यूरेट लावून तपासायचे. वाटेत जिथे एकके घसरतात तिथे थांबायचे आणि घसरलेले उत्तर नेमके किती येते तेही बघायचे. चुकीचा आकडा ओळखीचा झाला की तो स्वतःच्या वहीत दिसल्यावर पटकन पकडता येतो.

आधी मोल. आम्ल आणि अल्कली यांची गाठ पडते तेव्हा HCl चा एक रेणू NaOH च्या एका एककाशी अभिक्रिया करतो. म्हणजे हिशोब नगांचा आहे, पण तराजू नग मोजत नाही, ग्रॅम मोजतो. हार्डवेअरच्या दुकानात हजार नट हवे असतील तर दुकानदार एकेक मोजत बसत नाही. एका नटाचे वजन माहीत असते, त्यावरून तो तोलून देतो. बोल्ट तेवढेच हवे असतील तर त्यांचे वजन वेगळे भरते, पण नग तेवढेच. मोल हा असाच ठरलेल्या नगांचा गठ्ठा आहे. २० मे २०१९ पासून त्याची व्याख्या थेट संख्येनेच केली जाते: एक मोल म्हणजे ६.०२२१४०७६ × १०²³ नग, ना एक कमी ना एक जास्त. त्याआधी व्याख्या १२ ग्रॅम कार्बन-१२ मधल्या अणूंवर टेकलेली होती. शाळेच्या गणितांना याने फरक पडत नाही, पण मोल हे संख्येचे एकक आहे, वजनाचे नाही, हे त्यातून स्पष्ट होते.

ग्रॅम आणि नग यांच्यामधला पूल म्हणजे मोलर वस्तुमान. HCl साठी १.००८ आणि ३५.४५ यांची बेरीज ३६.४६. याचे एकक ‘ग्रॅम प्रति मोल’ आहे, नुसते ‘ग्रॅम’ नाही, आणि हे एकक प्रत्येक ओळीत लिहिण्याचा आग्रह मी धरतो. कारण साधे आहे. ग्रॅमला ‘ग्रॅम प्रति मोल’ने भागले की ग्रॅम कटतात आणि मोल उरतात. चुकून गुणले तर ‘ग्रॅमचा वर्ग प्रति मोल’ असे काहीतरी उरते, ज्याला अर्थ नाही. गुणायचे की भागायचे हे पाठ करावे लागत नाही. एकके आपोआप सांगतात. आणखी एक सावधानता: कशाचा मोल, हे सांगितल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. ‘एक मोल क्लोरीन’ म्हणजे क्लोरीनचे अणू असतील तर ३५.४५ ग्रॅम, Cl₂ रेणू असतील तर ७०.९० ग्रॅम. प्रश्नात हे मोघम असेल तर उत्तरात आपण कोणता अर्थ घेतला ते लिहावे.

आता संहती. मोलॅरिटी, मोलॅलिटी, मोल-अपूर्णांक, टक्केवारी ही नावे वेगवेगळ्या धड्यांसारखी शिकवली जातात आणि म्हणून ती एकमेकांत मिसळतात. खरे तर प्रत्येक संहती हा एक अपूर्णांक आहे. अंशात द्राव्य असते, कधी ग्रॅममध्ये, कधी मोलमध्ये. नावे बदलतात ती मुख्यतः छेदामुळे. वस्तुमानाच्या टक्केवारीत छेद असतो १०० ग्रॅम द्रावण. मोलॅरिटीत छेद असतो एक लिटर द्रावण. मोलॅलिटीत छेद असतो एक किलोग्रॅम द्रावक, म्हणजे इथे फक्त पाणी. वहीत मला ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात त्यांतल्या जवळजवळ सगळ्या छेदाच्या असतात. म्हणून गणिताला हात घालण्यापूर्वी एकच प्रश्न विचारायचा: छेदात काय आहे, आणि ते द्रावण आहे की द्रावक?

बाटलीकडे वळू. या आम्लाची मोलॅरिटी किती?

छेद हवा एक लिटर द्रावण, म्हणून सुरुवातच तिथून करावी. समजा माझ्यापुढे बरोबर एक लिटर आम्ल आहे. पहिली पायरी, त्याचे वस्तुमान काढणे. घनता मिलिलिटरमागे दिली आहे, तेव्हा लिटरचे मिलिलिटर करायला हवेत:

१००० मिली × १.१९ ग्रॅम/मिली = ११९० ग्रॅम द्रावण

दुसरी पायरी, त्यातले HCl किती. दर १०० ग्रॅम द्रावणात ३७ ग्रॅम:

११९० ग्रॅम × ०.३७ = ४४०.३ ग्रॅम HCl

तिसरी पायरी, ग्रॅमचे मोल:

४४०.३ ग्रॅम ÷ ३६.४६ ग्रॅम/मोल = १२.०८ मोल

हे एका लिटरात आहेत, म्हणून मोलॅरिटी १२.०८ मोल प्रति लिटर. लेबलवरचे ३७ आणि १.१९ हे आकडे दोन-तीन अंकांचेच आहेत, तेव्हा बोलताना १२.१ मोलर म्हणणे रास्त. पुढच्या गणितासाठी मात्र १२.०८ जवळ ठेवू, नाहीतर मधल्या पायरीत आकडे कापल्याची चूक शेवटी वाढून बसते.

इथे तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिली घसरण: घनता वापरायलाच विसरणे. ३७ टक्के म्हणजे लिटरमध्ये ३७० ग्रॅम, असे गृहीत धरून ३७० ÷ ३६.४६ = १०.१५ मोलर. यात १०० ग्रॅम द्रावणाला १०० मिलिलिटर द्रावण समजले गेले. पाण्यासारख्या पातळ द्रावणात ही चूक फारशी दिसत नाही, कारण तिथे घनता १ च्या जवळ असते. संहत आम्लात ती थेट सोळा टक्क्यांनी कमी उत्तर देते. प्रश्नात घनता दिली असेल आणि तुमच्या गणितात ती कुठेच आली नसेल, तर थांबून बघायलाच हवे. उलट बाजूनेही लक्षात ठेवावे: टक्केवारी आकारमानावर दिलेली असेल, म्हणजे १०० मिली द्रावणात इतके ग्रॅम अशी, तर मोलॅरिटीसाठी घनता लागत नाही. सलाईनच्या बाटलीवरचे ०.९ टक्के हे असे असतात.

दुसरी घसरण: मिलिलिटर आणि लिटर. १००० ने गुणायचे राहिले की उत्तर ०.०१२०८ येते. हे चुकीचे आहे असे म्हणण्यापेक्षा, हे ‘मोल प्रति मिलिलिटर’मधले बरोबर उत्तर आहे, एकक तेवढे चुकीचे लिहिले आहे. नाक झोंबवणारे, बूच काढताच धूर सोडणारे आम्ल ०.०१२ मोलर असूच शकत नाही. उत्तर हजारपटीने लहान किंवा मोठे दिसले की दुसरे कारण शोधण्याआधी मिलिलिटर तपासावा.

तिसरी घसरण: पूर्ण ११९० ग्रॅमला ३६.४६ ने भागणे. उत्तर ३२.६ मोलर. इथे टक्केवारी सुटली आणि बाटलीतले सगळे पाणीसुद्धा HCl समजले गेले. अशा वेळी एक मापदंड कामाला येतो. शुद्ध पाण्याच्या एका लिटरात १००० ÷ १८ म्हणजे ५५.५ मोल पाणी असते. पाण्याहून दुप्पट वजनाचा रेणू, आणि तोही पाण्यात विरघळलेला, ३२ मोलपर्यंत जातो म्हणताना शंका यायला हवी.

याखेरीज एक चूक आहे जी एककांची नाही, जागेची आहे. २२.४ लिटर हा आकडा मनात इतका पक्का बसलेला असतो की एक लिटर आम्ल दिसले की काही मुले १ ÷ २२.४ करून ०.०४४६ मोल लिहून मोकळी होतात. २२.४ लिटर हे वायूच्या एका मोलचे आकारमान आहे, ० अंश सेल्सिअस आणि एक वातावरण दाबाला. दाब १ बार घेतला तर तेच २२.७ लिटर होते. द्रवाला किंवा द्रावणाला ते लागू नाही. मात्र हा आकडा योग्य जागी वापरला तर आपल्या बाटलीबद्दल सुंदर गोष्ट कळते. HCl मुळात वायू आहे. १२.०८ मोलला २२.४ ने गुणले तर सुमारे २७० लिटर. एक लिटर आम्लात इतका वायू पाण्याने धरून ठेवलेला आहे, आणि बूच उघडले की तो थोडा थोडा निसटत असतो. ही गोष्ट पुढे लागणार आहे.

मोलॅलिटी काढण्यासाठी तेच एक लिटर आम्ल पुढे ठेवू, कारण लागणारे सगळे आकडे आधीच हाती आहेत. छेदात आता पाणी हवे. द्रावण ११९० ग्रॅम, त्यातले HCl ४४०.३ ग्रॅम, उरलेले पाणी:

११९० − ४४०.३ = ७४९.७ ग्रॅम = ०.७४९७ किलोग्रॅम

१२.०८ मोल ÷ ०.७४९७ किलोग्रॅम = १६.१ मोल प्रति किलोग्रॅम

मोलॅलिटीसाठी घनतेची गरज नव्हती, हेही बघण्यासारखे आहे. १०० ग्रॅम द्रावण घेतले असते तर ३७ ग्रॅम HCl आणि ६३ ग्रॅम पाणी. ३७ ÷ ३६.४६ = १.०१५ मोल, भागिले ०.०६३ किलोग्रॅम, पुन्हा १६.१. वस्तुमानाची टक्केवारी आणि मोलॅलिटी दोन्ही केवळ तराजूवर चालतात, म्हणून त्यांच्यामध्ये घनता येत नाही. म्हणूनच त्यांच्यावर तापमानाचाही परिणाम होत नाही. मोलॅरिटीत छेद आकारमानाचा आहे. द्रावण तापले की ते थोडे फुगते आणि तेवढेच मोल जास्त आकारमानात पसरतात. व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कवर तापमान छापलेले असते ते यासाठीच.

मोलॅलिटीतली ठरलेली चूक म्हणजे द्रावकाऐवजी द्रावणाचे वस्तुमान छेदात घालणे: १२.०८ ÷ १.१९ = १०.१५. हा आकडा ओळखीचा वाटतो का? मोलॅरिटी काढताना घनता विसरली तेव्हाही १०.१५ च आले होते. हा योगायोग नाही. दोन्ही ठिकाणी आपण नकळत एकच गोष्ट काढली, ‘एक किलोग्रॅम द्रावणात किती मोल’, आणि एकदा तिला मोलॅरिटी म्हटले, एकदा मोलॅलिटी. आकडा बरोबर, नाव चुकीचे. छेद लिहिला असता तर ही चूक लपली नसती. पाण्यातल्या द्रावणाची मोलॅलिटी मोलॅरिटीपेक्षा बहुधा मोठी असते, कारण लिटरभर द्रावणात पाणी किलोग्रॅमहून कमी असते. संहत आम्लात उलटे आले तर छेद पुन्हा बघावा.

मोल-अपूर्णांकाला फार वेळ लागत नाही. पाण्याचे मोल ७४९.७ ÷ १८.०२ = ४१.६. HCl चे १२.०८. एकूण ५३.७. HCl चा मोल-अपूर्णांक ०.२२५, त्याला एकक नाही, आणि दोन्ही घटकांची बेरीज १ यायलाच हवी. वजनाने ३७ टक्के असलेला HCl नगांनी फक्त साडेबावीस टक्के आहे, कारण त्याचा रेणू पाण्याच्या दुप्पट जड आहे.

आता द्रावण करू. टायट्रेशनसाठी ०.१ मोलर आम्ल हवे आहे, २५० मिलिलिटर.

आधी मोल किती लागतील ते बघू. मोलॅरिटीला लिटरने गुणायचे:

०.१ मोल/लिटर × ०.२५० लिटर = ०.०२५ मोल

हे मोल बाटलीतून काढायचे:

०.०२५ मोल ÷ १२.०८ मोल/लिटर = ०.००२०७ लिटर = २.०७ मिली

या पायरीत हमखास होणारी चूक म्हणजे ०.१ ला सरळ २५० ने गुणून ‘२५ मोल’ लिहिणे. ती पकडायला सेकंदभर पुरतो: २५ मोल HCl म्हणजे २५ × ३६.४६, नऊशे ग्रॅमच्या वर. पाव लिटरच्या फ्लास्कमध्ये ते मावेल कुठे? मोलॅरिटीला मिलिलिटरने गुणले तर मिळतात ते मिलिमोल, आणि २५ मिलिमोल हे उत्तर अगदी बरोबर आहे. ज्यांना दशांश चिन्हांची कटकट नको असेल त्यांनी सगळे गणित मिलिमोल आणि मिलिलिटरमध्येच करावे. मोल प्रति लिटर आणि मिलिमोल प्रति मिलिलिटर हे एकच आहे. फक्त मध्येच गाडी बदलू नये.

M₁V₁ = M₂V₂ या सूत्राने हेच उत्तर एका ओळीत येते. त्यात दोन्ही बाजूंना मिलिलिटर ठेवले तरी चालते, कारण तिथे एकके दोन्हीकडून सारखीच कटतात. ‘सूत्रात मिलिलिटर चालले होते, मग इथे का चालत नाही’ हा प्रश्न मुले विचारतात, त्याचे उत्तर हेच: तिथे मोल काढलेच नव्हते. ज्या क्षणी मोल किंवा ग्रॅम मागितले जातात, त्या क्षणी लिटर लागतो. हे सूत्र पाणी घालण्यापुरते आहे हेही इथेच सांगून ठेवतो. टायट्रेशनला त्याची गाठ पडेल.

प्रत्यक्षात काम असे होते. फ्लास्कमध्ये आधी साधारण अर्धे ऊर्ध्वपातित पाणी घ्यायचे. फ्यूम हूडखाली, हातमोजे आणि चष्मा घालून, रबरी फुगा लावलेल्या अंशांकित पिपेटने साधारण २.१ मिली आम्ल त्या पाण्यात सोडायचे, पिपेटला तोंड लावायचे नाही. आम्ल पाण्यात घालायचे, पाणी आम्लात नाही. द्रावण थंड झाल्यावर खुणेपर्यंत पाणी भरायचे. ‘२५० मिली पाणी घालणे’ आणि ‘२५० मिलीपर्यंत पाणी भरणे’ यांतला फरक छेदाचाच आहे: मोलॅरिटीत २५० मिली द्रावण हवे, पाणी नव्हे.

२.१ मिली घेतल्यामुळे अपेक्षित संहती १२.०८ × २.१ ÷ २५० = ०.१०१ मोलर. पण या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. बाटलीतला वायू निसटत राहतो, लेबल ‘सुमारे’ असते, आणि एवढ्याशा आकारमानात पिपेटची चूक मोठी पडते. म्हणून हे द्रावण प्रमाण द्रावणाशी ताडून बघावे लागते. त्यासाठी शाळेत निर्जल सोडियम कार्बोनेट वापरतात: ते शुद्ध मिळते, आणि तापवून कोरडे केले की अचूक तोलता येते.

०.०५ मोलर Na₂CO₃, २५० मिली करायचे तर ०.०१२५ मोल हवेत. मोलर वस्तुमान १०५.९९, म्हणून ०.०१२५ × १०५.९९ = १.३२५ ग्रॅम. तराजूवर नेमके १.३२५ आणण्यासाठी कण कण काढत बसायची गरज नाही. समजा १.३१८ ग्रॅम तोलले गेले. तेच लिहायचे आणि संहती त्यावरून काढायची:

१.३१८ ग्रॅम ÷ १०५.९९ ग्रॅम/मोल = ०.०१२४३५ मोल

०.०१२४३५ मोल ÷ ०.२५० लिटर = ०.०४९७ मोलर

आता टायट्रेशन. शंक्वाकृती चंबूत पिपेटने १० मिली कार्बोनेट, दोन थेंब मिथिल ऑरेंज, ब्यूरेटमध्ये आम्ल. पिवळा रंग नारिंगी होऊ लागला की थांबायचे. तीन वेळा केल्यावर स्थिर वाचन १०.३ मिली आले असे धरू. अभिक्रिया अशी:

Na₂CO₃ + 2HCl → 2NaCl + H₂O + CO₂

चंबूतले कार्बोनेट: ०.०४९७ × १० = ०.४९७ मिलिमोल. प्रत्येकाला दोन HCl लागतात, म्हणून आम्ल ०.९९४ मिलिमोल. ते १०.३ मिलीतून आले:

०.९९४ मिलिमोल ÷ १०.३ मिली = ०.०९६५ मोलर

ग्रॅम प्रति लिटर विचारले तर ०.०९६५ × ३६.४६ = ३.५२ ग्रॅम प्रति लिटर. इथे १०६ ने गुणणारेही असतात. संहती आम्लाची विचारली आहे, कार्बोनेटची नाही.

या टप्प्यावरच्या चुका मला सगळ्यांत महत्त्वाच्या वाटतात, कारण त्या एककांमध्ये दिसत नाहीत. सवयीने M₁V₁ = M₂V₂ लावले तर ०.०४९७ × १० ÷ १०.३ = ०.०४८३ मोलर येते. एकके शंभर टक्के बरोबर, उत्तर निम्मे. त्या सूत्रात मोल दोन्हीकडे समान धरलेले आहेत, इथे ते एकास दोन आहेत. नॉर्मॅलिटीत हाच दोनचा गुणक आधीच आत घेतलेला असतो: Na₂CO₃ ची नॉर्मॅलिटी मोलॅरिटीच्या दुप्पट, HCl ची मोलॅरिटीइतकीच. म्हणून N₁V₁ = N₂V₂ इथे चालते. चूक पकडायला समीकरण पुन्हा वाचावे, आणि उत्तर अपेक्षेच्या निम्मे किंवा दुप्पट आले का ते बघावे.

हा दोनचा आकडासुद्धा दर्शकावर अवलंबून आहे. मिथिल ऑरेंजऐवजी फिनॉल्फ्थॅलीन टाकले तर गुलाबी रंग साधारण ५.१ मिलीलाच उडतो, कारण तिथे कार्बोनेटचे फक्त बायकार्बोनेट झालेले असते आणि प्रमाण एकास एक असते. हे वाचन घेऊन दोनचा गुणक लावला तर आम्ल ०.१९ मोलर निघेल.

दुसरी खोल चूक तोलतानाची. कपाटात निर्जल कार्बोनेटशेजारी धुण्याच्या सोड्याची बरणी असते, Na₂CO₃·10H₂O, मोलर वस्तुमान २८६.१४. तिच्यातून १.३१८ ग्रॅम घेतले तर मोल भरतात ०.००४६१, अपेक्षेच्या जेमतेम सदतीस टक्के. मग ब्यूरेटवर १०.३ ऐवजी ३.८ मिलीलाच रंग बदलतो, आणि १०६ धरून गणित केले तर आम्ल ०.२६ मोलर निघते. आपण हाताने विरल केलेले ०.१ मोलरचे आम्ल ०.२६ होऊ शकत नाही, म्हणजे बरणी तपासायची. शिवाय हा स्फटिक उघड्यावर पाणी सोडत जातो, त्यामुळे त्याचे मोलर वस्तुमान बरोबर धरून ३.५८ ग्रॅम तोलले तरी प्रमाण द्रावण म्हणून तो भरवशाचा नाही. ऑक्झॅलिक आम्लाचे उलट आहे: त्याचा दोन पाण्यांचा स्फटिक स्थिर असतो, म्हणून तिथे ९० ऐवजी १२६ घ्यायचे. सूत्रातल्या टिंबापुढचे पाणी तराजूवर बसलेले आहे, हे विसरू नये.

मग बाटलीतले आम्ल खरे किती? ०.०९६५ × २५० ÷ २.१ = ११.५ मोलर, लेबलवरून काढलेल्या १२.१ पेक्षा सुमारे पाच टक्के कमी. ही घट वायू निसटल्याने असू शकते, पण तेवढे ठामपणे म्हणता येणार नाही. २.१ मिलीत ०.०५ मिलीचा फरक पडला तर तो अडीच टक्क्यांच्या आसपास जातो, ब्यूरेटच्या ०.१ मिलीने आणखी एक टक्का. विरल द्रावणाची संहती ०.०९६५ ही भरवशाची आहे, कारण ती तराजू आणि टायट्रेशनवर उभी आहे, पिपेटच्या २.१ वर नाही. बाटलीबद्दलचा निष्कर्ष मात्र ‘साडेअकराच्या आसपास’ एवढाच.

स्वतः करून बघण्यासाठी संहत सल्फ्युरिक आम्ल घ्या: ९८ टक्के, घनता १.८४, मोलर वस्तुमान ९८.०८. एका लिटरात १८४० ग्रॅम द्रावण, १८०३ ग्रॅम आम्ल, १८.४ मोल; मोलॅरिटी १८.४. पाणी उरते केवळ ३६.८ ग्रॅम, म्हणून मोलॅलिटी १८.४ ÷ ०.०३६८, म्हणजे ५०० मोल प्रति किलोग्रॅम. हा आकडा बघून मुले खोडरबर उचलतात, पण तो बरोबर आहे. छेदातले पाणी संपत आले की अपूर्णांक फुगतो, आणि पाणी शून्य झाले तर मोलॅलिटीला अर्थच राहत नाही. ज्यांचे उत्तर १० आले त्यांनी द्रावणाच्या १.८४ किलोग्रॅमने भागले आहे. इतक्या संहत आम्लासाठी मोलॅलिटी सहसा वापरत नाहीत. मोल-अपूर्णांक जास्त कामाचा, आणि तो ०.९० येतो.